सात महिन्यांनी केलेला जयभीम



या पानावर आपण मुलांची शाळा, घरखर्च, आजारपण, नातीगोती यांविषयी नेहमी बोलतो. आज एका लहानशा गोष्टीविषयी बोलायचे आहे. गोष्ट लहान, पण तिच्यापायी घराघरांत माणसे एकमेकांपासून तुटत चालली आहेत. भाऊबंदांचा व्हॉट्सॲपचा ग्रुप असतो. काही कारणाने आपण तिथे लिहिणे बंद करतो. आठवडा जातो, महिना जातो, सहा महिने जातात. मग एके दिवशी वाटते, आता बोलावे. पण बोट पुढे जात नाही. आता काय म्हणून लिहायचे? लोक काय म्हणतील?

हे दुसऱ्या कोणाचे सांगत नाही. गेल्या वर्षी मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत आम्हीच असे गप्प होतो. त्यात आमच्या हातून काय घडले आणि परत येताना काय कामी आले, ते जसेच्या तसे सांगतो.

गप्प का झालो?

आमच्या भाऊबंदांचा ग्रुप चौतीस जणांचा आहे. निम्मे मुंबई-ठाण्याकडे, काही पुण्याला, काही महाडच्या बाजूला गावी आणि एक भाचा दुबईत. गावच्या विहारावरचे पत्रे बदलायचे ठरले. घरटी २,००० रुपये वर्गणी ठरली. हिशेब आमच्या एका पुतण्याकडे होता. पोरगा चोख. कोणी पैसे दिले की तो सगळी यादी ग्रुपवर टाकी. नाव आणि पुढे आकडा.

फेब्रुवारीच्या शेवटी आमचे काम सुटले. घरभाडे आणि मुलाची फी यांतच हात आखडला. वर्गणी राहिली. यादी मात्र येतच होती. प्रत्येक यादीत आमचे नाव, आणि नावापुढे रेघ. सुरुवातीला अशा आठ-दहा रेघा होत्या. मग पाच झाल्या, मग दोन. शेवटी एकटीच आमची रेघ उरली.

आम्हाला वाटू लागले, हे मुद्दाम चालले आहे. आपली इज्जत चारचौघांत काढतात. आम्ही ग्रुपचा आवाज बंद केला. तिथे आठ तास, एक आठवडा आणि कायमचा असे तीन पर्याय येतात. आम्ही कायमचा निवडला. तरी नाव डोळ्यांसमोर येई, म्हणून ग्रुप Archived मध्ये टाकला. मग तो दिसेनासा झाला. डोळ्याआड झाले म्हणजे मनाआड झाले, असे वाटले. तसे होत नाही.

ऑगस्ट महिन्यात एका सकाळी थोरल्या वहिनींचा फोन लागोपाठ तीनदा वाजला. आम्ही उचलला नाही. म्हटले, वर्गणीसाठीच असेल. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिच्याकडे यायचे आहे.

विहारात ऐकलेली कथा

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास असतो, हे आपणांस ठाऊक आहेच. आमच्या वस्तीच्या विहारात त्या तीन महिन्यांत रोज सायंकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे वाचन होते. समारोप जवळ आला तेव्हा भन्तेजींनी विनयपिटकातील एक कथा सांगितली. ती महावग्गात आहे.

कोसल देशात काही भिक्खू एका ठिकाणी वर्षावासाला राहिले. भांडणतंटा होऊ नये म्हणून त्यांनी आपसांत ठरवले की, कोणी कोणाशी बोलायचेच नाही. भिक्षेहून जो आधी येईल त्याने आसने मांडावीत, पाय धुण्याचे पाणी ठेवावे. जो शेवटी येईल त्याने सगळे आवरावे, जागा झाडावी. पाण्याचा घडा एकट्याला उचलेना, तर हाताने खूण करून दुसऱ्याला बोलवावे, पण तोंडातून शब्द काढू नये. तीन महिने असेच गेले. भांडण एकही झाले नाही.

वर्षावास संपल्यावर ते श्रावस्तीला जेतवनात भगवान बुद्धांकडे आले. आलेल्या भिक्खूंची विचारपूस करण्याची भगवंतांची रीत होती. प्रकृती बरी आहे ना, निभावते ना, पावसाळा एकोप्याने गेला ना, भिक्षेची अडचण झाली नाही ना, असे त्यांनी विचारले. भिक्खूंनी मौनाची हकिगत अभिमानाने सांगितली. भगवंतांना ती आवडली नाही. जनावरांसारखे एकत्र राहिलात आणि सुखाने राहिलो म्हणता, असा त्यांना दोष देऊन त्यांनी हे मौनव्रत बंद केले. त्याऐवजी पवारणा घालून दिली. वर्षावासाच्या शेवटी प्रत्येकाने संघापुढे तीनदा म्हणायचे की, माझ्या बाबतीत तुम्ही काही पाहिले असेल, काही ऐकले असेल किंवा काही शंका आली असेल, तर मला सांगा.

पाहिलेले, ऐकलेले आणि शंका. तिसरा शब्द ऐकला आणि आम्ही चपापलो. कारण आमच्या सात महिन्यांत पाहिलेले काही नव्हते आणि ऐकलेलेही काही नव्हते. होती ती सगळी शंका. ते आपल्याला मुद्दाम लाजवतात, ही आमची शंका. आमच्याविषयी त्यांची काय शंका असेल, हे तर आम्हाला माहीतही नव्हते. गप्प राहिल्याने भांडण टळते हे खरे. पण मधली जागा रिकामी राहत नाही, ती शंकेने भरते.

त्या रात्री आम्ही ग्रुप उघडला.

आधी वाचावे, मग लिहावे

पहिली चूक तिथेच होणार होती. उघडल्याबरोबर ‘सर्वांना जयभीम’ असे आम्ही लिहायला घेतले होते. मुलगा म्हणाला, “पप्पा, आधी खाली काय काय झाले ते तरी बघा.” त्याने आम्हाला मोठ्या संकटातून वाचवले.

ग्रुप उघडला की जिथे आपले वाचणे थांबले होते, तिथे न वाचलेल्या संदेशांची एक पट्टी दिसते. तिथून खाली हजाराच्या वर संदेश होते. त्यांतले बहुतेक सुप्रभात, शुभरात्री, फुलांची चित्रे आणि पुढे ढकललेले व्हिडिओ. ते सोडून देता येतात. तीन रात्री, जेवण झाल्यावर अर्धा-अर्धा तास आम्ही वाचले आणि जुन्या वहीच्या पानावर चार रकाने केले. कोण गेले, कोण आजारी पडले, कोणाकडे आनंदाची गोष्ट झाली आणि आम्हाला नाव घेऊन कोणी काही विचारले का. इतकेच.

ज्यांना इतके वाचणे जमत नाही त्यांनी ग्रुपच्या Search मध्ये ‘दुःखद’, ‘पुण्यानुमोदन’, ‘दवाखाना’, ‘अभिनंदन’ असे शब्द घालून पाहावे. आपले नावही घालून पाहावे. मात्र आपल्याकडे कोणी मराठीत लिहितो, तर कोणी तेच इंग्रजी अक्षरांत लिहितो, आणि बोललेले संदेश तर शोधात सापडतच नाहीत. म्हणून घरातल्या एका विश्वासाच्या माणसाला फोन करून “मधे काय काय झाले?” असे विचारणे अधिक खात्रीचे.

आमच्या पानावर हे उतरले. जूनमध्ये भाची परिचारिकेच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली. जुलैमध्ये थोरले दादा न्हाणीत घसरून पडले, खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली. आणि ऑगस्टमध्ये गावच्या काकी गेल्या.

काकी गेल्या. आमची आई लवकर गेली. मग सुट्टीत आम्ही काकींच्याच हाताखाली वाढलो. त्यांचे पुण्यानुमोदनही होऊन गेले होते. संदेशाची तारीख पाहिली. वहिनींचा फोन तीनदा वाजला होता, तोच तो दिवस.

त्या रात्री न वाचता आम्ही ‘सर्वांना जयभीम, कसे आहात’ म्हणून हसरे चित्र टाकले असते, तर काकींच्या मुलाला काय वाटले असते? म्हणून म्हणतो, आधी वाचावे.

ग्रुपवर येण्याआधीची दोन कामे

दुःख आणि पैसा या दोन गोष्टी चौतीस जणांसमोर मांडायच्या नसतात. त्या ज्याच्या त्याच्याशी बोलायच्या असतात, आणि ग्रुपवर येण्याच्या आधी.

पहिला फोन काकींच्या मुलाला केला. तो आमच्याहून धाकटा. आम्ही म्हणालो, “बाळा, काकी गेल्याचे मला काल रात्री कळले. मी ग्रुप बघत नव्हतो. माझी चूक झाली. शनिवारच्या एसटीने येतो.” एवढेच बोललो. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “ये.” आम्ही दोघे गेलो. बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर मेणबत्ती लावली, त्रिसरण-पंचशील घेतले आणि काकींच्या खाटेजवळ बसलो. तिथे बोलण्यासारखे फार नव्हते. बसणे हेच काम होते.

दुसरा फोन पुतण्याला, वर्गणीविषयी. त्याला स्पष्ट सांगितले की काम सुटले होते, आता एका गोदामात लागलो आहे, पुढच्या महिन्यापासून दर महिना ५०० प्रमाणे चार महिन्यांत देतो. तो म्हणाला, “काका, तुमच्यापुढची रेघ माझ्या डोक्यातसुद्धा नव्हती. जुनी यादी उचलायची, नवा आकडा घालायचा आणि पुन्हा टाकायची, एवढेच मी करत होतो. मला वाटले, तुम्ही गावच्या कामात लक्ष घालत नाही.” ही त्याची शंका. सात महिने आम्ही ज्याला अपमान समजत होतो ती निव्वळ नक्कल होती, आणि आमच्या लाजेला तिकडे बेपर्वाई समजत होते.

तीन मसुदे

मग ग्रुपवर काय लिहायचे? आमचा पहिला मसुदा वहीचे सव्वा पान झाला. काम कसे सुटले, मुकादम कसा वागला, घरात काय हाल झाले, त्यात कोणी विचारले नाही, तरी राग नाही, सर्वांची क्षमा मागतो. वाचून आमची सहचारिणी म्हणाली, “ही माफी आहे की तक्रार?” तिचे खरे होते. मोठ्या खुलाशात कुठे ना कुठे दुसऱ्यावर ठपका येतोच. ‘कोणी विचारले नाही’ हे वाक्य तर खोटेही होते, कारण वहिनींनी तीनदा फोन केला होता. शिवाय एवढे लांब लिहिले की, वाचणाऱ्यावरही तेवढ्याच लांब उत्तराचे ओझे पडते. मग तो उत्तरच देत नाही.

दुसरा मसुदा उलटा झाला. ‘जयभीम. कसे आहात सगळे?’ हाही चालत नाही. चौतीस जणांना मिळून विचारलेला प्रश्न कोणा एकालाही विचारलेला नसतो. फार तर तीन अंगठे येतात आणि विषय संपतो.

तिसरा मसुदा लिहिताना भगवंतांच्या विचारपुशीची आठवण झाली. प्रकृती बरी ना, भिक्षा मिळाली ना. प्रश्न साधे, ज्याला विचारले त्याला सहज उत्तर देता येईल असे. शेवटी हा संदेश पाठवला.

“सर्वांना सप्रेम जयभीम. मार्चपासून मी इथे लिहिले नाही आणि वाचलेही नाही. काम सुटले होते, त्यामुळे मन लागत नव्हते. आता काम लागले आहे. रविवारी गावी जाऊन काकींच्या घरी बसून आलो. दादा, तुमचा पाय आता कसा आहे? काठी घेऊन खाली उतरता का?”

यात काय काय आहे ते पाहा. जयभीम आहे. किती दिवस गप्प होतो ते आपणहून सांगितले आहे, म्हणजे दुसऱ्याला ते काढावे लागत नाही. कारण एका वाक्यात आहे आणि खरे आहे. शंका मोडायला एवढे पुरते. ‘वाचलेही नाही’ हे मुद्दाम घातले. कारण ग्रुपमध्ये आपला संदेश कोणी वाचला आणि कोणी नाही, हे पाठवणाऱ्याला त्या संदेशाच्या माहितीत पाहता येते. एकाएकाला केलेल्या संदेशांच्या निळ्या खुणा बंद करता येतात, ग्रुपमधल्या येत नाहीत. तेव्हा वाचून गप्प बसलो असू, तर ‘वाचले नाही’ असे खोटे लिहू नये. त्यापुढे दुःखाचा एक उल्लेख आहे. आणि शेवटी एकाच माणसाला, त्याच्या नावाने, एकच प्रश्न आहे.

भाचीचे अभिनंदन यात घातले नाही. काकींची आठवण आणि पेढ्यांची चेष्टा एका संदेशात शोभत नाही. ते दुसऱ्या दिवशी केले. तिच्या निकालाचा जूनमधला संदेश शोधला, तो उजवीकडे सरकवला आणि त्यालाच धरून उत्तर लिहिले, “बाई, आमचे पेढे राहिले आहेत.” असे केले की जुना आनंदाचा संदेश सर्वांसमोर पुन्हा वर येतो आणि पोरीचे कौतुक दुसऱ्यांदा होते. पण दुःखाच्या जुन्या संदेशाला असे उत्तर देऊ नये. ज्याचे माणूस गेले त्याच्यासमोर तोच दिवस, तीच तारीख पुन्हा येते.

दिवसही विचार करून निवडावा. १४ एप्रिलला, बुद्धपौर्णिमेला किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनाला ग्रुपवर शुभेच्छांचा पूर येतो. लाजऱ्या माणसाला वाटते, त्या गर्दीत आपणही एक चित्र टाकावे आणि हळूच आत यावे. आत येता येते, पण आल्याचे कोणाला कळत नाही, आणि दुसऱ्या दिवशी संकोच होता तिथेच असतो. साधा दिवस बरा. आम्ही मंगळवारी रात्री सव्वानऊला लिहिले. जेवणे झालेली असतात, लोक घरी असतात. दुबईचा भाचा दीड तास मागे असतो, त्याचीही तेव्हा कामावरून सुटका झालेली असते.

मग काय झाले?

पहिली वीस मिनिटे काही झाले नाही. ही वीस मिनिटे फार कठीण जातात. वाटते, चुकलो, संदेश काढून टाकावा. तसे मुळीच करू नये. सुमारे दोन दिवस संदेश सर्वांकडून काढता येतो हे खरे, पण तो काढल्याची ओळ तिथे राहते. मग ‘काय लिहिले होते आणि का काढले’ ही नवी शंका जन्माला येते. शब्द चुकला असेल तर पंधरा मिनिटांच्या आत दुरुस्त करता येतो, तेवढे करावे. आम्ही फोन उलटा ठेवला आणि भांडी घासायला उठलो.

मग दुबईहून अंगठा आला. त्यानंतर दादांचा बोललेला संदेश आला. “अरे, उतरतो ना, जिना तेवढा धरून धरून उतरतो. तू कधी येतोस?” दादांचा आवाज आला आणि ग्रुप मोकळा झाला. रात्री साडेदहापर्यंत अकरा जणांनी काही ना काही लिहिले.

एक टोमणाही आला. आमचे दाजी थट्टेखोर आहेत. त्यांनी लिहिले, “हे कोण? चुकून आलेले दिसतात.” टोमण्याला खुलासा देत बसलो की तो खरा होतो. आम्ही लिहिले, “दाजी, चुकून गेलो होतो, आठवणीने आलोय.” त्यांनी हसण्याचे चित्र टाकले आणि प्रकरण मिटले. टोमणा जर मनाला लागणारा असेल, तर तिथे काही न लिहिता त्या माणसाला दुसऱ्या दिवशी फोन करावा.

परत येण्याचे खरे काम मात्र पुढच्या आठवड्यात असते. एकदा जयभीम करून पुन्हा महिनाभर गप्प बसलात, तर पहिल्यापेक्षा अधिक वाईट दिसते. आम्ही ठरवले, दिवसाआड एकदा तरी कोणाला तरी दोन शब्दांचे उत्तर द्यायचे. आपले नवे काही टाकण्यापेक्षा दुसऱ्याने टाकलेल्याला उत्तर देणे सोपे जाते. चित्रे पुढे ढकलत बसायचे नाही. ग्रुपचा आवाज मात्र आजही बंदच आहे. त्यात काही वाईट नाही, रोज रात्री आपण स्वतः उघडून पाहिले म्हणजे झाले.

वहिनी

अकरा जणांनी लिहिले, पण थोरल्या वहिनींनी काही लिहिले नाही. दादांच्या संदेशात मागे भांड्यांचा आवाज येत होता, म्हणजे त्या शेजारीच होत्या. दुसऱ्या दिवशीही काही नाही. ज्याचे मन खरोखर दुखावले आहे, तो ग्रुपवर भांडत नाही. तो फक्त उत्तर देत नाही. तेव्हा कोणी उत्तर दिले हे मोजण्यापेक्षा कोणी दिले नाही, हे पाहावे.

आम्ही फोन केला. म्हणालो, “वहिनी, माझ्याविषयी काही मनात असेल तर बोला, मी ऐकतो.” पवारणा मनात होतीच.

वहिनी म्हणाल्या, “भावोजी, काकी गेल्या त्या सकाळी पहिला फोन मी तुम्हाला लावला. दादांचा पाय प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेवलेला, त्यांना हलता येत नव्हते. म्हटले, भावोजी दादांना गाडीत घालून घेऊन चला, आईसारख्या काकींचे शेवटचे दर्शन तरी होईल. तुम्ही उचलला नाही. दादा गेले नाहीत. मला वाटले, काम बरे चालले असेल, आम्ही आता नकोसे झालो.”

आमचे काम सुटलेले, आणि त्यांना वाटले काम बरे चालले आहे. आम्हाला वाटले फोन वर्गणीचा आहे, आणि तो मयताचा होता. दादांचे काकींचे शेवटचे दर्शन चुकले, ते आमच्यामुळे. याला कोणताही संदेश भरपाई करू शकत नाही. आम्ही म्हणालो, “चूक झाली, वहिनी.” वर्गणीचे, यादीचे, लाजेचे काही सांगितले नाही. त्या वेळी कारण सांगणे म्हणजे आपली बाजू सोडवून घेणे झाले असते. कारण त्यांना महिन्याभराने, त्यांच्या घरी बसल्यावर सांगितले. तेव्हा त्या म्हणाल्या, “दोन हजारांसाठी? अहो, मला सांगायचे होते, मी तुमच्या नावावर टाकले असते.”

आता रविवारी आम्ही दादांना जिना उतरवून विहारापर्यंत नेतो आणि आणतो. वहिनी ग्रुपवर आम्हाला अजून फारसे लिहीत नाहीत. पण चहा विचारतात.

आणखी थोडेसे

ज्यांनी ग्रुप सोडला आहे, त्यांची गोष्ट थोडी वेगळी. सोडल्याचे आता फक्त ग्रुप चालवणाऱ्यांना कळवले जाते, पण पुढे ६० दिवस गेलेल्यांची नावे सभासदांना पाहता येतात. परत यायला ग्रुप चालवणाऱ्याला फोन करून घेण्यास सांगावे लागते. मधले संदेश आपोआप मिळत नाहीत, म्हणून आधी कोणाला तरी विचारून घेणे अधिकच गरजेचे. कित्येकांनी तर सोडलेलाही नसतो. फोन बिघडतो, नेटचे पैसे नसतात आणि १२० दिवस वापर झाला नाही की खातेच बंद होऊ शकते. मग तो माणूस ग्रुपमधून आपोआप बाहेर पडतो आणि घरचे म्हणतात, रागावून गेला. तेव्हा कोणी दिसेनासे झाले, तर आधी त्याच्या घरी चौकशी करावी.

आणि जे ग्रुपमध्ये आहेत त्यांनाही दोन गोष्टी सांगायच्या आहेत. परतून आलेल्याला ‘इतके दिवस कुठे होतास?’ असे चौघांत विचारू नये. त्याच्या प्रश्नाचे उत्तर द्यावे, ते पुरेसे असते. आणि वर्गणीच्या यादीत फक्त दिलेल्यांची नावे टाकावीत. आमचा पुतण्या आता तसेच करतो. रेघ असलेली नावे तो स्वतःच्या वहीत ठेवतो आणि अशा माणसाला संध्याकाळी फोन करून आधी विचारतो, “काका, काम कसे चालले आहे?”

विहाराचे पत्रे पावसाआधीच बसले होते. आमचा चौथा हप्ता फेब्रुवारीत गेला.

जयभीम.